पाच पायऱ्यांचा जिना

२० ऑगस्ट २०१३. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराला लागून असलेल्या डिकेटर भागातली एक प्राथमिक शाळा. आत आठशेहून जास्त मुलं. एक वीस वर्षांचा तरुण एके-४७ धाटणीची रायफल आणि जवळजवळ पाचशे काडतुसं घेऊन शाळेच्या ऑफिसात शिरला. त्याने एक गोळी जमिनीत झाडली. ऑफिसात अँटोनेट टफ होत्या. शाळेचा हिशेब ठेवणं हे त्यांचं काम. पोलिसांच्या आणीबाणीच्या क्रमांकावर त्यांनी फोन लावला, आणि त्यानंतर जे काही घडलं त्यातलं बरंचसं त्या फोनवर मुद्रित झालं.

सुरुवातीला टफ फक्त निरोप्याचं काम करत होत्या. तरुण म्हणायचा, पोलिसांना मागे हटायला सांगा. टफ तेच फोनवर सांगायच्या. तिकडून आलेलं उत्तर त्याला कळवायच्या. मध्येच तो दाराशी गेला, बाहेरच्या पोलिसांच्या दिशेने गोळ्या झाडल्या, बाहेरूनही उत्तर आलं. तो परत आत आला. तेव्हा तो हळूहळू बोलू लागला. आपण औषधं घेतलेली नाहीत, खरं तर इस्पितळातच जायला हवं होतं, आता आपल्यासाठी काही उरलेलं नाही, असं तो सांगू लागला.

टफ त्याला म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नकोस. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. तेहेतीस वर्षांच्या संसारानंतर नवरा सोडून गेला, मुलाला एकापेक्षा जास्त अपंगत्वं आहेत, गेल्या वर्षी आपणही जीव द्यायला निघालो होतो. आणि बघ, आज इथे बसून नोकरी करतेय. त्याने नाव सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, अरे, माझ्या आईकडचं आडनावही हेच! त्यांनी हेही विचारलं, मी तुझ्याबरोबर बाहेर चालत येऊ का, म्हणजे ते तुझ्यावर गोळी झाडणार नाहीत? शेवटी त्याने बंदूक टेबलावर ठेवली, खिसे रिकामे केले, जमिनीवर पालथा पडला आणि हात पाठीमागे घेतले. एकही मूल जखमी झालं नाही, एकही पोलीस नाही, आणि तो तरुणही नाही.

टफ पोलीस वाटाघाटीकार नव्हत्या. पण त्या ध्वनिमुद्रणात जो क्रम ऐकू येतो तो अमेरिकेच्या एफबीआयमध्ये एका जिन्याच्या चित्राने शिकवला जातो. त्या जिन्याला पाच पायऱ्या आहेत. पहिली, मन लावून ऐकणं. दुसरी, समोरच्याच्या जागी जाऊन त्याला काय वाटतंय ते ओळखणं. तिसरी, दोघांमध्ये थोडा विश्वास जमणं. चौथी, त्याच्यावर आपल्या शब्दाचा प्रभाव पडणं. पाचवी, त्याचं वागणं बदलणं. चित्र इतकं सोपं आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात शिकवण्यासारखं काय, असंच वाटतं. गंमत अशी की ताणाच्या वेळी जवळजवळ प्रत्येक जण थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो. घरात, ऑफिसात, रस्त्यावर आणि कित्येकदा पोलिसी वर्दीतही.

हा जिना काही एखाद्या मानसशास्त्रज्ञाने टेबलाशी बसून आखलेला नाही. त्याच्यामागे प्रेतं आहेत. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये एका माणसाने अपहरण केलेलं छोटं विमान फ्लोरिडातल्या जॅक्सनविल इथे इंधनासाठी उतरलं. वैमानिक सांगत होता की आम्हाला जाऊ द्या. एफबीआयने ते न ऐकता चाकांवर गोळ्या झाडल्या. अपहरणकर्त्याने आपली बायको आणि वैमानिक या दोघांना मारलं आणि मग स्वतःलाही. वैमानिकाच्या पत्नीने सरकारवर दावा लावला, आणि वरिष्ठ न्यायालयाने १९७५ मध्ये म्हटलं की वाट पाहण्यासारखा सुरक्षित मार्ग असताना अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप करून चूक केली. दरम्यान १९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इस्रायली पथकातले अकरा जण मारले गेले होते, त्यांतले बरेचसे सोडवणुकीच्या फसलेल्या कारवाईत.

म्युनिकनंतर न्यूयॉर्क पोलिसांनी विचार सुरू केला. त्यांच्या दलात हार्वी श्लॉसबर्ग नावाचा एक डिटेक्टिव्ह होता. पोलिसाची नोकरी करता करता त्याने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. १९७३ च्या जानेवारीत ब्रुकलिनमधल्या क्रीडासाहित्याच्या आणि बंदुकांच्या दुकानात चार सशस्त्र माणसं ओलीस घेऊन बसली. एक पोलीस मारला गेला होता आणि आत घुसावं असा दबाव प्रचंड होता. तरी पोलीस थांबले. सत्तेचाळीस तास. शेवटी दुकानमालकाने ओलिसांना छतावरून बाहेर काढलं आणि आतल्यांनी शरणागती पत्करली. त्याच वर्षी श्लॉसबर्ग आणि फ्रँक बोल्झ या अधिकाऱ्याने न्यूयॉर्कचं वाटाघाटी पथक उभं केलं. त्या पथकाचं ब्रीद इतकंच आहे: माझ्याशी बोला.

वेळ जाऊ द्यायचा, हा त्यांचा पहिला शोध. संतापाने किंवा भीतीने पेटलेल्या माणसाचं शरीर तास न् तास त्याच तापमानावर राहू शकत नाही. तो थकतो, त्याला तहान लागते, लघवी लागते, झोप येते. पण नुसत्या वेळेने सगळंच निवत नाही. त्या वेळात काय करायचं, हे कळायला आणखी काही वर्षं गेली, आणि त्याचं उत्तर पोलिसांना एका वेगळ्याच ठिकाणी सापडलं. समुपदेशक कार्ल रॉजर्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये कारखान्यांतल्या व्यवस्थापकांसाठी एक पुस्तिका लिहिली होती. सक्रिय ऐकणं हा शब्दप्रयोग तिथूनच रूढ झाला. ती कल्पना पुढे बंदूकधाऱ्यांशी बोलायला उपयोगी पडली.

ऐकणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे वाटाघाटीकाराला पहिल्याच दिवशी सांगतात. फोनच्या दुसऱ्या टोकाला चेहरा दिसत नसतो, तेव्हा ऐकतोय हे ऐकू यावं लागतं. मराठीत त्याला अचूक शब्द आहे: हुंकार देणं. आजी गोष्ट सांगताना हुंकार आला नाही तर गोष्ट थांबवायची. वाटाघाटीकारही तेच करतो. "हं." "बरं." "मग?" दुसरी युक्ती म्हणजे समोरच्याचे शेवटचे दोनतीन शब्द प्रश्नाच्या सुरात परत म्हणायचे. "मला कुणी विचारतच नाही." "कुणी विचारत नाही?" एवढं म्हटलं की बहुतेक माणसं पुढचं स्वतःहून सांगतात. मधूनमधून मुद्दाम काही क्षण काही बोलायचंच नाही; शांतता भरून काढायला समोरचा माणूस बोलतो. आणि अधूनमधून त्याने सांगितलेलं सगळं, त्यातल्या भावनेसकट, आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं.

यातली सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे भावनेला नाव देणं. "तुम्हाला फसवल्यासारखं वाटतंय." "तुमचा अपमान झालाय असं दिसतंय." कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना चिडलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली. चित्रातल्या भावनेला शब्दाने नाव दिलं की मेंदूतल्या भयाशी संबंधित भागाची हालचाल कमी होते, असं त्यांना आढळलं. प्रयोगशाळेतली चित्रं आणि गच्चीच्या कठड्यावर उभा असलेला माणूस यांत फार अंतर आहे, हे खरं. पण दिशा तीच आहे. नाव चुकलं तरी फारसं बिघडत नाही. "चिडलो नाहीये मी, घाबरलोय!" असं समोरचा म्हणाला तर त्याने स्वतःच योग्य नाव सांगितलेलं असतं.

पायरी पार झाली हे कसं ओळखायचं? एफबीआयचे माजी वाटाघाटीकार ख्रिस व्हॉस यांनी २०१६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात एक खूण सांगितली आहे, आणि ती मराठीत तर इंग्रजीपेक्षाही स्पष्ट दिसते. आपण सारांश सांगितल्यावर समोरचा "बरं बरं, तुमचं खरं" म्हणाला, तर त्याला फक्त आपल्याला गप्प करायचं आहे. तो "हो ना! तेच तर मी मघापासून सांगतोय!" असं म्हणाला, तर तो दुसऱ्या पायरीवर येऊन उभा आहे. खरा सूर या दुसऱ्या वाक्यात ऐकू येतो. तोवर उपाय सुचवायचा नसतो.

टफ यांनी स्वतःची कहाणी सांगितली, ती या जागेवर. शिकवणारे सहसा सावध करतात की स्वतःविषयी फार बोलू नका. समोरच्याच्या दुःखावर "अरे, माझं तर याहून वाईट" अशी भर घालणारा माणूस ऐकत नसतो, पाळीची वाट बघत असतो. टफ यांचं ते वाक्य लागू पडलं, कारण ते त्याच्या "माझ्यासाठी काही उरलं नाही" याला उत्तर होतं. तीच कहाणी पहिल्याच मिनिटाला सांगितली असती तर ती त्याला कदाचित ऐकूही गेली नसती. आणि बाहेर बरोबर चालत येण्याचा प्रस्ताव, म्हणजे चौथी पायरी, आला तो त्याच्या मनातली नेमकी भीती कळल्यावर. त्याला मरणाची नव्हे, तर दारातून बाहेर पडल्याक्षणी गोळी लागण्याची भीती होती.

जिना चढता येतो तसा उतरताही येतो. याचं सर्वांत कडू उदाहरण टेक्ससमधल्या वाको इथलं. १९९३ च्या २८ फेब्रुवारीला एका धर्मपंथाच्या वसाहतीवर सरकारी छापा पडला, चार अधिकारी आणि पंथाचे काही लोक मारले गेले, आणि एक्कावन्न दिवसांचा वेढा सुरू झाला. पहिले जवळजवळ चार आठवडे वाटाघाटींची सूत्रं गॅरी नोएस्नर यांच्याकडे होती. त्या काळात पस्तीस माणसं, त्यांतली एकवीस मुलं, बाहेर आली. थेंबाथेंबाने, पण येत होती.

गोची अशी होती की वसाहतीबाहेर दोन चमू काम करत होते. एक फोनवर बोलणारा, दुसरा रणगाड्यांसारख्या गाड्यांवर बसलेला. आणि प्रत्येक जण आपापल्या परीने प्रश्न सोडवू पाहत होता. १२ मार्चला दोन जण बाहेर आले. त्याच रात्री वसाहतीची वीज तोडली गेली. २१ मार्चला सात जण बाहेर आले. त्याच रात्री ध्वनिक्षेपकांवरून कर्कश संगीत सुरू झालं. आतल्या माणसाच्या जागी बसून पाहिलं तर हिशेब सरळ आहे: सहकार्य केलं की शिक्षा मिळते. फोनवरचा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्या शब्दामागे कुणीच उभं नाही, हे आतल्यांना दिसत होतं. महिना संपण्याआधी नोएस्नर यांना तिथून हलवलं गेलं. त्यानंतर वाटाघाटींतून पंथाचा एकही माणूस बाहेर आला नाही. १९ एप्रिलला अश्रुधुराचा हल्ला झाला, आग लागली आणि पंचाहत्तरहून अधिक माणसं मेली. त्यांत मुलंही होती. पुढे एफबीआयचं वाटाघाटी केंद्र नोएस्नर यांच्याच हाताखाली नव्याने उभं राहिलं. १९९६ मध्ये मोंटानातला एक्क्याऐंशी दिवसांचा वेढा एकही गोळी न झाडता संपला, तेव्हा वाकोचा धडा कुणीतरी वाचला होता हे दिसलं.

आता बंदूक बाजूला ठेवू आणि बँकेच्या एका खिडकीशी येऊ. समजा डिसेंबर महिना आहे. निवृत्त गुरुजी, वय अठ्ठ्याहत्तर, रांगेत कुणाला न जुमानता पुढे येतात आणि पासबुक काचेवर आपटतात. पेन्शन जमा झालेलं नाही. पडद्यावर दिसतं की हयातीचा दाखला नोंदलेलाच नाही. गुरुजी म्हणतात की नोव्हेंबरात स्वतः येऊन दिलाय. खिडकीतली मुलगी खरं तेच सांगते, "सिस्टीममध्ये नाहीये सर. पुन्हा द्यावा लागेल. आणि आवाज कमी करा." गुरुजींचा आवाज दुप्पट चढतो. रांगेतले दोघे त्यांच्या बाजूने, तिघे विरुद्ध.

मुलीने नियम बरोबर सांगितला होता. चूक पायरीची होती. "शांत व्हा" आणि "आवाज कमी करा" ही चौथ्या पायरीची वाक्यं आहेत. समोरच्यावर प्रभाव असेल तरच ती चालतात. प्रभाव नसताना ती म्हटली की त्यांचा अर्थ एकच पोचतो: तुझ्या रागाला कारण नाही.

तीच मुलगी दुसऱ्या रस्त्याने गेली असती तर? पासबुक हातात घेते. "कधी दिला होता गुरुजी दाखला?" हा प्रश्न उघडा आहे, "पावती आहे का?" असा उलटतपासणीचा नाही. गुरुजी सांगतात: सहा तारखेला, पावसात रिक्षा करून आलो, यंत्रावर अंगठा उमटेना, चार वेळा लावला, मग कागदावर सही घेतली. "अंगठा उमटला नाही?" एवढंच ती म्हणते. आणि मग मूळ गोष्ट बाहेर येते. "उमटणार कसा? पस्तीस वर्षं खडू धरला या बोटांनी. आणि आता मी इथे उभा राहून सांगतोय की मी जिवंत आहे, तर तुमचा संगणक म्हणतो नाही!"

इथे थांबायला हवं. एक क्षण. मग: "इतका त्रास घेऊन तुम्ही वेळेत दाखला दिलात, आणि तरी तुम्हालाच पुन्हा सिद्ध करायला सांगतोय आम्ही. अपमान वाटणारच." गुरुजी म्हणतात, "हो ना! तेच म्हणतोय मी." आणि मग, बऱ्याच खालच्या आवाजात, "औषधं आणायचीत हो हिची." आत्ता कुठे कळलं की घाई कशाची आहे. आता मुलगी जे सांगेल ते ऐकलं जाईल: कागदावरचा दाखला शोधायला आत जाते, सापडला तर आजच नोंदवते, नाहीतर इथेच नवा भरून घेऊ, नोंद झाली की थकलेली रक्कमही मिळते, पैसे कधी जमा होतील ती तारीख मात्र आपल्या हातात नाही. हे शेवटचं वाक्यही महत्त्वाचं. पाळता न येणारं वचन दिलं की वाकोची वीज तोडल्यासारखं होतं, फक्त महिन्याभराने.

या सगळ्याला फार तर चार मिनिटं लागतात. भांडणाला त्याहून जास्त लागली असती. पण ताणात असलेल्या माणसाला ही चार मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, आणि खिडकीमागच्या मुलीचाही ताण खरा असतो. तिच्यासमोर पंचवीस माणसं असतात. पोलीस पथकात म्हणूनच बोलणारा एकटा नसतो. त्याच्या शेजारी दुसरा वाटाघाटीकार बसलेला असतो. तो अक्षरही बोलत नाही, फक्त ऐकतो आणि चिठ्ठ्या सरकवतो. "आईचा उल्लेख दोनदा झाला, विचार." "तू चिडतोयस." बोलणाऱ्याचा तोल सुटला हे शेजारच्याला आधी कळतं. घरातल्या वादात हे काम शहाणी वहिनी किंवा मामा करतात. ऑफिसात क्वचितच कुणी करतं. दुसरी एक पद्धतही उचलण्यासारखी आहे: वाटाघाटी करणारा निर्णय घेत नाही आणि निर्णय घेणारा वाटाघाटी करत नाही. त्यामुळे कुठल्याही मागणीला जागच्या जागी हो किंवा नाही म्हणावं लागत नाही. "वर विचारून सांगतो" एवढं खरं उत्तर हाताशी असतं, आणि मधल्या वेळात दोन्हीकडचा ताप उतरतो.

जिना कुठे चालत नाही हेही तितकंच स्पष्ट आहे. समोरचा माणूस भावनेच्या भरात असेल तरच ऐकण्याने काही बदलतं. थंड डोक्याने हिशेब करून आलेल्याला आपली भावना कुणी ओळखावी याची गरज नसते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत हॉटेलांत आणि नरिमन हाऊसमध्ये जे दहशतवादी होते, त्यांचे फोन यंत्रणांनी ऐकले. सीमेपलीकडून ओलिसांना मारण्याचे आदेश येत होते. निर्णय घेणारा माणूस त्या इमारतीतच नव्हता. अशा ठिकाणी कुठल्या पायरीवर उभं राहणार? घरात रोज मार खाणाऱ्या बाईलाही नवऱ्याच्या भावनेला नाव दे असं सांगणं म्हणजे क्रूर थट्टा आहे. तिथे पहिलं काम दाराबाहेर पडणं हेच. बँकेतल्या मुलीवर कुणी हात उगारला तर तिने सुरक्षारक्षकाला हाक मारावी. वाटाघाटीकारसुद्धा बोलतो ते चारी बाजूंनी वेढा पडलेला असताना, स्वतः आडोशाला राहून.

आणि या जिन्याचा दुरुपयोगही होतो. विक्री प्रशिक्षणात शेवटचे तीन शब्द परत म्हणण्याची युक्ती शिकवली जाते आणि ग्राहकाला दुसऱ्याच मिनिटाला कळतं की समोरचा पोपट आहे. नुसतं तंत्र उचललं की ऐकणं उघडं पडतं, कारण ऐकणाऱ्याला उत्तराची उत्सुकताच नसते. डिकेटरच्या ध्वनिमुद्रणात टफ यांच्या आवाजात ती उत्सुकता आहे. त्या तरुणाला बाळ म्हणत होत्या, तू शरण येतोयस हे चांगलंच करतोयस असं सांगत होत्या, आणि त्यांचा आवाज शेवटपर्यंत एका पट्टीत राहिला.

पोलीस आत आले, तरुणाला घेऊन गेले. फोन अजून चालूच होता. तेव्हा टफ यांचा बांध फुटला. पलीकडच्या दूरध्वनी कर्मचारी बाईंना त्या रडत रडत म्हणाल्या की आयुष्यात आपण इतक्या कधीच घाबरलो नव्हतो.